संकल्पन व बांधणी प्रकल्पाची जोखीम नोंदवही : भूस्तराच्या जोखमीचे वाटप

संकल्पन व बांधणी पद्धतीत आराखडा आणि प्रत्यक्ष बांधकाम या दोन्हींची जबाबदारी एकाच कंत्राटदाराकडे असते. त्यामुळे सर्वच जोखीम त्याच्याकडे जाते, असा समज होतो. भूस्तराच्या बाबतीत तो विशेष फसवा ठरतो.

दख्खनच्या पठारावरील एका जलशुद्धीकरण केंद्राचे काल्पनिक उदाहरण घेऊ. मालक संस्थेने निविदेपूर्वी सहा ठिकाणी बोअर घेतले व सर्वत्र सुमारे ५ मीटरवर कातळ लागला. पुढे खोदाईत एका कोपऱ्यात ९ मीटरपर्यंत मुरूमच निघाला. नोंदवहीत एवढीच ओळ होती : ‘भूस्तराची अनिश्चितता, जबाबदारी उभयपक्षी, योग्य ती दक्षता घ्यावी.’ अशी नोंद असून नसल्यासारखीच. उभयपक्षी जबाबदारी म्हणजे व्यवहारात कोणाचीच नव्हे.

वस्तुतः येथे तीन निरनिराळ्या जोखमी एकत्र झाल्या आहेत. बोअरची माहिती अपुरी असण्याची जोखीम मालकाची. तिच्यावरील उपाय निविदेपूर्वीचा असतो : टाकीच्या प्रत्येक कोपऱ्यात बोअर घेणे व खडकाचे नमुने निविदाकारांना पाहण्यास ठेवणे. माहितीचा अर्थ लावून पाया ठरविण्याची जोखीम कंत्राटदाराच्या संकल्पन प्रमुखाची. त्याने खोदाईपूर्वी स्वतःचे पडताळणी बोअर घ्यावेत आणि अधिक खोल पायाचा पर्यायी आराखडा तयार ठेवावा.

तिसरी जोखीम खरी वादाची. कातळ अपेक्षेहून खोल असण्याची. येथे आधाररेषा आखावी लागते. कातळ ७ मीटरपर्यंत लागल्यास खर्च कंत्राटदाराचा, त्याखालील प्रत्येक घनमीटरचा पूर्वनिश्चित दराने मालकाचा. फिडिकच्या २०१९ च्या एमराल्ड बुकने भूमिगत कामांसाठी अशीच आधाररेषा स्वीकारली. १९९९ च्या यलो बुकमध्ये मात्र अनुभवी कंत्राटदाराला पूर्वकल्पना येणे शक्य होते काय, ही कसोटी आहे आणि वाद बहुधा तेथेच रेंगाळतो. त्याच आवृत्तीत दाव्याची सूचना २८ दिवसांत न दिल्यास कंत्राटदाराचा हक्क जातो. म्हणून सूचना कोणत्या पदाधिकाऱ्याने द्यावयाची, हेही नोंदवहीत लिहावे. जोखमीचा धनी म्हणून संस्थेचे नाव पुरत नाही.

या तिसऱ्या जोखमीची शक्यता चारांत एक व मालकावर पडणारा खर्च ४० लाख रुपये धरल्यास त्याने १० लाखांची तरतूद करावी, असे गणित मांडले जाते. अनेक जोखमींच्या बेरजेत ते उपयोगी आहे. या एका नोंदीपुरते मात्र ते अपुरे, कारण प्रत्यक्षात ४० लाख तरी लागतात किंवा काहीच लागत नाही. उरलेले ३० लाख कोठून आणावयाचे, याचा निर्णय मालकाच्या लेखाधिकाऱ्याने आधीच घ्यावा लागतो.

नोंदवही आणि करार यांत विसंगती असल्यास करारच प्रमाण ठरतो. म्हणून ७ मीटरची रेषा केवळ नोंदवहीत न ठेवता निविदेतील विशेष अटींत उतरविणे आवश्यक आहे.