तक्त्यातील एकच ‘सार्थक’ आकडा : विश्वास किती ठेवावा?

नवीन संजीवक किंवा द्रवरूप खत बाजारात आले की त्याच्या माहितीपत्रकात ‘प्रक्षेत्र चाचणीत सार्थक वाढ आढळली’ असे वाक्य बहुधा असते. हे वाक्य खोटे नसूनही फसवे कसे ठरू शकते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, सोयाबीनवर एका संजीवकाची चाचणी घेतली. एका वाफ्यात संजीवकाची फवारणी व शेजारच्या वाफ्यात साध्या पाण्याची, अशा १० पुनरावृत्ती ठेवल्या. ३०, ४५ व ६० दिवसांची उंची, फांद्या, पाने, मुळांवरील गाठी, फुलोऱ्याचे दिवस, शेंगा, १०० दाण्यांचे वजन, उत्पादन, तेलाचे प्रमाण अशी एकूण २० निरीक्षणे घेतली. त्यांपैकी ६० दिवसांच्या पानांची संख्या २७.९ वरून ३१.२ झाली. फरक ३.३ आणि तक्त्यातील सी.डी. (क्रांतिक फरक) २.९. फरक सी.डी.पेक्षा जास्त, म्हणून तो सार्थक. उरलेल्या १९ निरीक्षणांत सार्थक फरक नाही. माहितीपत्रकात मात्र एकच ओळ छापली जाते : ‘पानांच्या संख्येत १२ टक्के सार्थक वाढ’.

सार्थक म्हणजे काय?

एकाच शेतातील दोन वाफे कधीच तंतोतंत सारखे नसतात. जमिनीची खोली, ओलावा, उगवण यांमुळे थोडा फरक पडतोच. ५ टक्के पातळीवर सार्थक याचा अर्थ असा : फवारणीचा काहीच परिणाम नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक १०० पैकी जास्तीत जास्त ५ वेळा दिसला असता. म्हणजेच निरुपयोगी औषधही दर २० तपासण्यांत सरासरी एकदा ‘सार्थक’ ठरणारच.

वीस निरीक्षणांचा हिशेब

आता दोन्ही वाफ्यांवर साधे पाणीच फवारले असे समजा. एकच निरीक्षण घेतले तर फसगतीची शक्यता ५ टक्के. एकमेकांवर अवलंबून नसलेली ५ निरीक्षणे घेतली तर त्यांत निदान एक तरी खोटा ‘सार्थक’ फरक मिळण्याची शक्यता २३ टक्के, १० घेतली तर ४० टक्के आणि २० घेतली तर ६४ टक्के होते. उंची, फांद्या, पाने ही निरीक्षणे परस्परांशी निगडित असल्याने प्रत्यक्षात ही शक्यता थोडी कमी भरते, पण ती ५ टक्क्यांपेक्षा बरीच जास्तच राहते.

यावर साधा उपाय बॉनफेरोनी दुरुस्तीचा. ५ टक्क्यांना निरीक्षणांच्या संख्येने भागावे. २० निरीक्षणांसाठी पातळी ०.२५ टक्के येते. आपल्या उदाहरणात पानांतील फरक योगायोगाने येण्याची शक्यता सुमारे ३ टक्के आहे. एकट्या निरीक्षणासाठी तो सार्थक, पण या कसोटीवर टिकत नाही. ही कसोटी कडक आहे. तिच्यात एखादा खरा पण लहान परिणामही निसटू शकतो. म्हणून टिकला नाही याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा न घेता ‘पुरावा अपुरा’ असा घ्यावा.

निकालाचा तक्ता कसा वाचावा?

प्रथम एकूण निरीक्षणे मोजावीत. अहवालाच्या ‘साहित्य व पद्धती’ भागात २० निरीक्षणे आणि निकालात फक्त ४ दिसत असतील, तर उरलेल्या १६ चे काय झाले ते विचारावे. त्यांपैकी सार्थक किती, ते पाहावे. २० पैकी १ म्हणजे निव्वळ योगायोगाने अपेक्षित तेवढेच. २० पैकी ९ असतील तर गोष्ट वेगळी.

दुसरे, चाचणी कशासाठी मांडली होती? उत्पादनासाठी मांडली असेल तर प्रथम उत्पादनाचाच आकडा पाहावा. आपल्या उदाहरणात हेक्टरी उत्पादन २१८० वरून २२४० किलो झाले. फरक ६० किलो, पण सी.डी. २१० किलो. म्हणजे उत्पादनवाढ सिद्ध झालेली नाही.

तिसरे, आकड्यांचा परस्परांशी मेळ पाहावा. पाने खरोखर वाढली असतील तर ४५ दिवसांनाही तसा कल दिसावा, शेंगा व दाण्यांचे वजन त्याच दिशेने जावे. एकच आकडा एकटा पुढे आणि बाकी जागच्या जागी, हे योगायोगाचे लक्षण समजावे.

चौथे, हाच फरक दुसऱ्या हंगामात किंवा दुसऱ्या ठिकाणी आढळला काय, ते पाहावे. योगायोग त्याच निरीक्षणात पुन्हा येण्याची शक्यता फार कमी असते.

एवढे पाहूनही शंका राहिल्यास पूर्ण क्षेत्रावर फवारणी न करता काही ओळींवर करावी, शेजारच्या ओळींवर साधे पाणी फवारावे आणि काय मोजणार ते आधीच ठरवून फक्त उत्पादनाचे वजन करावे. अशा जोड्या शेतात निरनिराळ्या ठिकाणी निदान चार-पाच ठेवाव्यात.