प्लॅन मध्येच बदलल्यावर येणारे बिल

भाडे आगाऊ घेणाऱ्या पोस्टपेड मोबाइल सेवेत महिन्याच्या मध्येच प्लॅन वाढवला की पुढचे बिल फुगलेले दिसते. समजा, तीस दिवसांच्या चक्रात वीस दिवस झाल्यावर ३०० रुपयांचा प्लॅन ६०० चा केला. जुन्या प्लॅनच्या उरलेल्या दहा दिवसांचे १०० रुपये वजा होतात, नव्याचे त्याच दिवसांचे २०० लागतात आणि पुढच्या महिन्याचे ६०० आगाऊ धरले जातात. बेरीज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८२६ रुपये. एकाच प्लॅनच्या दोन नोंदी पाहून दुप्पट आकारणीचा संशय येतो, पण त्यांच्या तारखा वेगळ्या असतात. प्लॅन उतरवताना मात्र बदल बहुधा पुढच्या चक्रापासून लागू होतो, त्यामुळे वजावट मिळत नाही. तक्रारीआधी वजा रकमेची ओळ शोधावी. ती नसेल तरच बिल चुकल्याची शंका घ्यावी.