शंका आकड्याची

निबंध ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेवर, इंग्रजीत. डिटेक्टरचा कौल: ८२ टक्के मजकूर एआयचा. लिहिणारा मुलगा बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, वर्गात हजेरीपलीकडे तोंड न उघडणारा. "एवढं इंग्रजी याला येतं कुठून?" म्हणत स्टाफरूमने निकाल लावूनही टाकला. मॅडमना शंका आली ती आकड्याचीच.

(गोष्ट रचलेली आहे, पण अशी ८२ टक्केवाली मुलं खरी आहेत.)

डिटेक्टरकडे ताडून पाहायला मूळ मजकूर नसतो. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, हे तो प्रामुख्याने पाहतो. मजकूर फारच अपेक्षित वाटला, की यंत्राचा ठरवतो. पण परक्या भाषेत जपून लिहिणारा मुलगाही ओळखीचेच शब्द वापरतो आणि गाइडमध्ये घोटलेल्या वळणाची वाक्यं लिहितो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेसाठी माणसांनी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र बहुतेक सुटले. त्याच वर्षी ओपनएआयने अचूकता कमी म्हणून स्वतःचा डिटेक्टर मागे घेतला. शिवाय ८२ म्हणजे 'लबाडीची शक्यता ८२ टक्के' असंही नव्हे. अनेक साधनांत तो संशयित वाटलेल्या मजकुराचा वाटा असतो.

मॅडमनी कपाटातून त्याच मुलाची चाचणीची उत्तरपत्रिका काढली. ती त्याने त्यांच्यासमोर, फोन बाहेर ठेवून लिहिली होती. तिची दोन पानं त्यांनी टाइप केली, स्पेलिंगच्या चुका सुधारल्या आणि त्याच डिटेक्टरला दिली. ७६ टक्के! (चुका तशाच ठेवल्या असत्या तर आकडा कदाचित उतरला असता; निबंधात स्पेलचेक होता, म्हणून त्यांनी सुधारल्या.)

यावरून निबंध त्यानेच लिहिला हे सिद्ध होत नव्हतं. या मुलाच्या शैलीपुढे हे यंत्र आंधळं आहे, एवढंच कळलं. म्हणून त्यांनी त्याला फाइलचा जुना इतिहास घेऊन बोलावलं. निबंध चार संध्याकाळी वाढत गेला होता. एक परिच्छेद तीनदा खोडलेला.

"हा का काढलास?"

"मॅडम, मराठीत सांगू?"

"सांग की."

मग तो वीस मिनिटं बोलला. आईवडील कारखान्यावर गेले की धाकटी बहीण दिवाळीनंतर शाळेतून गळायची. हंगामी वसतिगृह गावात असूनही मुली तिथे का राहत नाहीत, हे त्याला अहवालांपेक्षा नीट ठाऊक होतं. खोडलेला परिच्छेद तोच होता. "घरचं लिहिलं तर मार्क जातील असं वाटलं."

मॅडमनी वीसपैकी तेरा गुण दिले. दोन आकड्यांचे संदर्भ नव्हते, शेवट घाईचा होता. समासात लिहिलं, "खोडलेला परिच्छेद परत घाल, सोमवारी दाखव." विभागप्रमुखांना द्यायच्या टिपणात उत्तरपत्रिकेचा ७६चा कागदही जोडला.