पर्थेस : वय आधी कळतं, एक्स-रे उशिरा बोलतो

मागच्या पोस्टवर एका वाचकाने विचारलं होतं की पर्थेसमध्ये सगळे पेपर वयाभोवतीच का फिरतात, एक्स-रे बघून निकाल सांगता येत नाही का? प्रश्न साधा वाटतो, पण या आजाराची खरी अडचण त्यातच आहे. म्हणून आज फक्त त्यावर.

थोडक्यात ओळख. मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा, आणि तो खुब्याच्या उखळीत फिरतो. साधारण ४ ते १२ वर्षांच्या मुलांत, मुलींपेक्षा मुलांत चार-पाच पट जास्त, या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतलं हाड मरतं. का तुटतो, हे आजही नक्की सांगता येत नाही. १९१० मध्ये लेग, काल्वे आणि पर्थेस या तिघांनी वेगवेगळ्या देशांत याचं वर्णन केलं. त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉमनेही हेच पाहिलं होतं, पण त्याला तो खुब्याचा क्षयरोग वाटला. आपल्याकडेही लंगडणाऱ्या पोराच्या बाबतीत क्षयाचा विचार आधी होतो, आणि तो चुकीचाही नाही.

आता भंडाऱ्याची गोष्ट. पूर्व विदर्भात सिकलसेल भरपूर आहे, आणि सिकलसेलमध्येही हाच गोळा असाच मरतो. एक्स-रेवर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. म्हणून इथे ‘पर्थेस’ म्हणण्याआधी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी व्हायलाच हवी. नुसता वाहक (एएस) निघाला तर गोळा मरण्याचं कारण सापडलं असं मानू नये. एसएस निघाला तर मात्र गोष्ट बदलते, कारण तिथे पुन्हापुन्हा रक्तपुरवठा तुटू शकतो. दोन्ही खुबे एकाच वेळी, एकाच टप्प्यावर दिसले तरी पर्थेसवर शंका घ्यायची. खऱ्या पर्थेसमध्ये दोन्ही बाजू बिघडल्या तरी सहसा मागेपुढे बिघडतात.

टप्पे समजायला मला मणिपालच्या बेंजामिन जोसेफ आणि सहकाऱ्यांचं काम सर्वांत सोयीचं वाटतं. २००३ मध्ये त्यांनी ६१० मुलांचे एक्स-रे ओळीने लावून आजाराचा नैसर्गिक प्रवास मांडला. पहिल्या टप्प्यात मेलेलं हाड एक्स-रेवर जास्त पांढरं दिसतं : १अ मध्ये उंची शाबूत, १ब मध्ये गोळा थोडा बसलेला. दुसऱ्यात तुकडे पडतात : २अ मध्ये एक-दोन उभ्या भेगा, २ब मध्ये पूर्ण विखुरलेला गोळा. तिसऱ्यात कडेने नवं हाड येतं (३अ, ३ब) आणि चौथ्यात गोळा भरून येतो. पहिले दोन टप्पे प्रत्येकी ढोबळमानाने सात-आठ महिन्यांचे, तिसरा त्याहून लांब.

म्हणजे हाड परत येतंच. प्रश्न असतो तो कोणत्या आकारात येणार याचा. तुकडे पडलेला गोळा मऊ असतो, आणि त्याचा बाहेरचा भाग उखळीच्या कडेबाहेर सरकलेला असेल तर चालताना कड त्यावर दाबते आणि गोळा चपटा होतो. कंटेनमेंट म्हणजे एवढंच की मऊ असेपर्यंत गोळा उखळीत पूर्ण झाकून ठेवायचा, म्हणजे उखळच साच्याचं काम करते. पाय फाकवून ठेवणारं प्लास्टर किंवा ब्रेस वापरतात, किंवा मांडीचं हाड कापून साधारण २० अंशांनी आत वळवतात, किंवा कमरेचं हाड कापून उखळीची दिशा बदलतात. पण आधी खुबा मोकळा हालायला हवा. सांधा आखडलेला असताना किंवा पाय फाकवताना गोळा कडेवर अडून बिजागरीसारखा उघडत असताना कंटेनमेंट केलं तर नुकसानच होतं.

हे किती वेळात करायचं? मणिपालच्या मालिकेत गोळा बाहेर सरकणं २ब मध्ये एकदम वाढलेलं दिसलं. म्हणून झाकायचं तर २अ संपायच्या आत. साचा काँक्रीट ओलं असतानाच लावावा लागतो, तसंच हे.

आणि इथेच पेच आहे. निकाल सांगणारं सर्वांत विश्वासू एक्स-रे चिन्ह म्हणजे हेरिंगचा ‘लॅटरल पिलर’ : गोळ्याच्या बाहेरच्या खांबाची उंची किती उरली. पूर्ण उरली तर ए, निम्म्याहून जास्त उरली तर बी, निम्म्याहून कमी तर सी. पण हे मोजता येतं तुकडे पडल्यावरच. म्हणजे चिन्ह स्पष्ट होईपर्यंत उपचाराची वेळ हातातून निघून चाललेली असते. पहिल्या दिवसापासून हातात असणारी एकच भक्कम गोष्ट म्हणजे वय.

वय का काम करतं तेही बघा. पाच वर्षांच्या मुलाचा गोळा आठ-नऊपर्यंत भरतो. त्यानंतर वाढीची सात-आठ वर्षं उरतात, आणि वाकडा गोळा व लवचिक उखळ एकमेकांना घासून जुळवून घेतात. साडेनऊला सुरुवात झाली तर भरायला तेरावं उजाडतं, मग उरतं काय? मुलींची वाढ आधी थांबते, त्यामुळे त्याच वयाची मुलगी या हिशोबात ‘मोठी’ धरावी लागते.

एक कल्पित केस घेऊ. साकोलीकडचा ८ वर्षं ४ महिन्यांचा मुलगा रोवणीच्या दिवसांत, जुलैत, लंगडायला लागला. दुखतं गुडघ्यात म्हणून गुडघ्याचा एक्स-रे झाला, तो नॉर्मल. (खुब्याची कळ गुडघ्यात जाणवते, ही चूक जगभर होते.) नोव्हेंबरात खुब्याचा एक्स-रे झाला : १ब. सिकलसेल निगेटिव्ह. गोळ्याची रुंदी ३६ मिमी, उखळीच्या कडेतून खाली टाकलेल्या उभ्या रेषेबाहेर ६ मिमी. ६ भागिले ३६ म्हणजे जवळपास १७ टक्के. २० टक्क्यांची धोक्याची रेषा अजून ओलांडलेली नाही. मग थांबायचं?

पाच वर्षांचा असता तर थांबून, दर दोन-तीन महिन्यांनी एक्स-रे बघणं योग्य. पण मणिपालच्या पद्धतीत साधारण सातच्या पुढे सुरुवात असेल तर सरकण्याची वाट बघत नाहीत. आधी ट्रॅक्शन-व्यायामाने हालचाल मिळवून २अ च्या आत झाकतात. याला कदाचित बी पिलर निघाला असता आणि काही न करताही बरं झालं असतं, पण ते कळायला मे उजाडला असता. शस्त्रक्रियेची किंमतही आहे : पाय थोडा आखूड होतो, काही काळ लंगड राहते, नंतर प्लेट काढायला पुन्हा टेबलावर जावं लागतं.

आता संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी एक खोच. हेरिंगच्या २००४ च्या बहुकेंद्री अभ्यासात सीमा ८ वर्षं निघाली : त्यापुढे सुरुवात झालेल्या बी आणि बी-सी सीमेवरच्या खुब्यांना शस्त्रक्रियेचा फायदा, लहानांच्या बी ला कशानेही बरं, सी ला कशानेच फारसं नाही. नॉर्वेच्या २००८ च्या अभ्यासात सीमा ६ होती. कोण बरोबर? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. वय ही सलग मोजपट्टी आहे, तिच्यावर रेघ आपण मारतो, आणि ती कुठे पडते हे तुमच्या नमुन्यात कोणत्या वयाची मुलं किती आहेत यावरही ठरतं. दक्षिण भारतातल्या मुलांत आजार पाश्चात्त्य मुलांपेक्षा उशिरा सुरू होतो, त्यामुळे तिकडची रेघ उचलून इकडे लावताना हात थांबायला हवा.

शिवाय ‘सुरुवातीचं वय’ मोजतो कोण? आई-बाबांची आठवण. वरच्या मुलाच्या फाइलवर निदानाचं वय ८ वर्षं ८ महिने लिहिलं जाईल. सुरुवात ७ वर्षं १० महिन्यांना आणि निदान ८ वर्षं २ महिन्यांना असलेलं मूल, फक्त कोणता रकाना वापरला त्यावरून, हेरिंगच्या रेघेच्या इकडचं तिकडे जातं. पेपर वाचताना निकालाच्या तक्त्याआधी पद्धतीच्या भागात ही एक ओळ शोधा : ऑनसेट म्हणजे पहिलं लंगडणं की पहिला एक्स-रे? बऱ्याच पेपरांत ती ओळ सापडत नाही, आणि मग पुढच्या आकड्यांकडे मी जरा सावधपणेच बघते.