सोडियम आणि पाऱ्याच्या दिव्यातले तीन रंग

प्रकाशविद्युत परिणामाच्या गणितात पहिली ठेच लागते ती बहुधा तरंगलांबीपाशी. प्रकाश नॅनोमीटरमध्ये दिलेला असतो आणि हिशोब मात्र ऊर्जेचा करायचा असतो. यावर सोपा उपाय म्हणजे १२४० ला त्या तरंगलांबीने भागायचं. एका फोटॉनची ऊर्जा थेट इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते.

सोडियमच्या स्वच्छ पत्र्यावर पाऱ्याच्या दिव्यातला ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडतोय असं समजा. प्रत्येक फोटॉन ३.४० इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन येतो. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन अडवायला उलटा विभव लावत गेलो आणि १.१२ व्होल्टला प्रवाह शून्यावर आला, तर सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. उरलेली २.२८ धातूतून सुटण्यातच खर्ची पडली. हेच सोडियमचं कार्यफल.

एका नोंदीवर विसंबू नये. दिव्याची ४३६ नॅनोमीटरची निळी रेषा घेतली तर फोटॉनची ऊर्जा २.८४ भरते आणि प्रवाह ०.५६ व्होल्टलाच थांबायला हवा. वजाबाकी केली की पुन्हा २.२८ येतात. रंग बदलला, इलेक्ट्रॉनचा वेग बदलला, पण कार्यफल जागचं हललं नाही. उत्तर बरोबर असल्याची ही खूण.

२.२८ इलेक्ट्रॉनव्होल्टचे ज्यूल करून प्लँकच्या स्थिरांकाने भागलं, की उंबरठा वारंवारता साधारण ५.५ × १०<sup>१४</sup> हर्ट्झ मिळते. तरंगलांबीत सांगायचं तर ५४४ नॅनोमीटर. आता याच दिव्याची हिरवी रेषा पाहा: ५४६ नॅनोमीटर! अगदी थोडक्यात हुकते. या हिशोबाप्रमाणे हिरवा प्रकाश कितीही प्रखर केला तरी इलेक्ट्रॉन सुटणार नाही, कारण प्रखरतेने फोटॉनांची संख्या वाढते, एकेका फोटॉनची ऊर्जा नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने मांडलं ते हेच, आणि मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं तेही हेच.

प्रयोगशाळेत मात्र पाठ्यपुस्तकातली वजाबाकी फसू शकते. इलेक्ट्रॉन गोळा करणारी पट्टी वेगळ्या धातूची असते आणि दोन धातूंमधला स्पर्श विभव मीटरच्या आकड्यात मिसळतो. तो वजा-अधिक केला नाही, तर हाती येतं ते सोडियमचं नव्हे, त्या पट्टीचं कार्यफल. मिलिकनने १९१६ च्या प्रयोगांत हा विभव स्वतंत्रपणे मोजला आणि निर्वात नळीतच धातूचा पृष्ठभाग खरवडून ताजा केला, कारण हवेशी संपर्क आला की सोडियमवर लगेच थर चढतो. आलेखाच्या चढाला मात्र स्पर्श विभवाचा धक्का लागत नाही. सगळे बिंदू सारखेच वर किंवा खाली सरकतात, म्हणून प्लँकचा स्थिरांक त्या चढावरून नीट काढता येतो.