भजनाची स्वरलिपी कशी वाचावी?

भातखंडे पद्धतीने छापलेल्या भजनाच्या माथ्यावर बहुधा दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात : राग भूप, ताल केरवा. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात, म आणि नी वर्ज्य. सगळे शुद्ध असल्याने कोमल स्वराखालची आडवी रेघ येथे दिसणार नाही. डोक्यावर टिंब असले तर स्वर तार सप्तकातला, पायाशी असले तर मंद्र सप्तकातला.

सा किती उंच, हे मात्र कागद सांगत नाही, कारण स्वरलिपी फक्त प्रमाणे नोंदवते. गायकाने सा २४० हर्ट्‌झला धरला तर ग ३००, प ३६०, ध ४०० आणि तार सा ४८० हर्ट्‌झवर येईल. सा बदलला की सगळे त्याच प्रमाणात बदलतील.

आता सरावासाठी केलेली ही साधी ओळ पाहा :

मात्रा : ५ ६ ७ ८ | १ २ ३ ४
स्वर : सा रे ग – | प ध प –
शब्द : वि ठ्ठ ल ऽ | वि ठ्ठ ल ऽ
ताल : ० | ×

केरव्याच्या आठ मात्रांचे चार-चारचे दोन विभाग होतात. × म्हणजे सम, ० म्हणजे काल. स्वरापुढची आडवी रेघ आणि अक्षरापुढचा अवग्रह यांचा अर्थ एकच : आधीचा उच्चार आणखी एक मात्रा लांबवा. ही ओळ कालापासून, म्हणजे पाचव्या मात्रेवर उठते आणि सम दुसऱ्या ‘वि’वर पडते.

खरी अडचण पुनरावृत्तीची. ओळीपुढे (२) असेल तर ती दोनदा म्हणावी. ॥धृ॥ ही ध्रुवपदाची खूण. कडव्याच्या शेवटी ध्रुवपदाचा पहिला शब्द लिहून पुढे टिंबे दिली असतील, तर तेथून ध्रुवपद पुन्हा घ्यायचे. समजा, कडवे समेवर सुरू होते आणि दोन आवर्तनांचे, म्हणजे १६ मात्रांचे आहे. ध्रुवपद पाचव्या मात्रेवर उठत असल्याने कडव्याच्या वाट्याला १२ मात्राच येतात. शेवटच्या चार ध्रुवपदाच्या पहिल्या शब्दाच्या. कडवे सोळाही मात्रा ओढले तर सम पहिल्या ‘वि’वर येईल. टाळी चुकीच्या अक्षरावर पडली की चार मात्रांचा घोळ झाला, असे समजावे.

वाचण्यापूर्वी पुस्तकातील चिन्हांचा तक्ता अवश्य पाहावा. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते. तसा ध तेथे २०० हर्ट्‌झचा, तर भातखंडे पद्धतीत ८०० हर्ट्‌झचा. दोहोंत दोन सप्तकांचे अंतर!

विद्यार्थ्यांकडून आधी न गाता, फक्त टाळी आणि काल दाखवत शब्द म्हणवून घ्यावेत. सम जागेवर येऊ लागली की मगच स्वर जोडावेत.