चढत्या आलेखामागचे 24 सौदे

बॅकटेस्टचा अहवाल उघडला की नजर आधी चढत्या आलेखावर जाते. मी आधी सौद्यांची संख्या बघतो. समजा, तीन वर्षांत 24 सौदे झाले. एकूण नफा 1,20,000 रुपये, एकूण तोटा 50,000. भागाकार 2.4, हाच प्रॉफिट फॅक्टर. आकडा देखणा आहे, पण सौद्यांची यादी चाळा. एकाच सौद्याने 62,000 दिलेत! तो वगळला की फॅक्टर जेमतेम 1.16 उरतो आणि निव्वळ नफा 8,000. बाकीच्या 23 सौद्यांवर दलाली, कर, स्लिपेज मिळून प्रत्येकी 400 धरले, तर 9,200 जातात; म्हणजे पदरचेच घालावे लागतात.

मग ड्रॉडाउन. खाते 2,00,000 वरून 1,50,000 वर आले, तर घसरण 25 टक्के. भरून काढायला मात्र 33 टक्के कमवावे लागतात. आणि हा खड्डा अवघ्या 24 सौद्यांतला आहे. पुढच्या शंभरांत याहून खोल निघू शकतो.